मनगटाच्या एक्स-रेमधील मुडदूस: पुसली गेलेली रेषा

वाढत्या बालकाच्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाताच्या पुढच्या भागातील दोन लांब हाडांची खालची टोके दिसतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड म्हणजे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे हाड म्हणजे अल्ना. निरोगी बालकात या दोन्ही हाडांचा दांडा जेथे संपतो तेथे एक बारीक, पांढरी, सलग आणि धारदार रेषा असते. मुडदूस या विकारात सर्वांत आधी ही रेषा पुसट होते, मग पुसली जाते, आणि उपचार लागू पडल्यावर सर्वांत आधी तीच पुन्हा उमटते. त्यामुळे मनगटाच्या चित्रावरून मुडदूस ओळखण्याची सारी विद्या या एका रेषेभोवती उभी आहे, आणि पट्टीचे रुंदावणे, कडांच्या दशा सुटणे, टोकाला वाटीचा आकार येणे ही बाकीची लक्षणे ती रेषा नाहीशी झाल्याचे परिणाम म्हणून समजून घेतली तर लक्षात राहण्यास सोपी जातात.

रेषा कोठून येते

लांब हाडाची लांबी वाढते ती टोकाजवळच्या कूर्चेच्या एका चकतीमुळे. या चकतीला वाढपट्टी म्हणतात. तिच्या एका बाजूला हाडाचा दांडा असतो, तर दुसऱ्या बाजूला सांध्यालगतचे अस्थिशीर्ष, म्हणजे हाडाच्या टोकाचा तो गोलसर तुकडा जो आधी पूर्णपणे कूर्चेचा असतो आणि ज्याच्या मध्यभागी ठरावीक वयात हाडाचे केंद्र तयार होते. वाढपट्टीतील पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे उभ्या रांगांत रचलेल्या असतात. अस्थिशीर्षाकडच्या बाजूला नव्या पेशी जन्म घेतात, आणि त्या दांड्याच्या दिशेने सरकत जाताना फुगून मोठ्या होतात. अखेरीस त्यांच्याभोवतीच्या द्रव्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे क्षार जमतात, फुगलेल्या पेशी मरतात, दांड्याकडून रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्या कॅल्शियमयुक्त कूर्चेच्या सांगाड्यावर खरे हाड रचले जाते.

क्षार जमलेला हा सर्वांत खालचा थर म्हणजे तात्पुरत्या कॅल्सीभवनाचा पट्टा होय. त्याला तात्पुरता म्हणतात, कारण तेथील क्षारयुक्त कूर्चा लवकरच मोडली जाऊन तिच्या जागी हाड येणार असते. क्षार क्ष-किरणांना अडवतात म्हणून हा थर चित्रात पांढरा दिसतो, तर क्षार नसलेली कूर्चा आजूबाजूच्या मांसाइतकीच करडी दिसते आणि म्हणून डोळ्यांना ती जवळजवळ रिकामी जागा वाटते. क्ष-किरण चित्रात वाढपट्टी म्हणून जी गडद फट दिसते ती प्रत्यक्षात पोकळी नसून क्षार नसलेल्या जिवंत कूर्चेचा थर आहे, आणि त्या फटीची दांड्याकडची पांढरी किनार म्हणजेच वर सांगितलेली रेषा.

रेषा का पुसली जाते

ड जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते. रक्तातील कॅल्शियम खाली जाऊ नये म्हणून गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी अधिक संप्रेरक स्रवतात. हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि त्याच वेळी मूत्रपिंडांना फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकायला लावते. रक्तातील कॅल्शियम असे काही काळ सावरले जाते, पण त्याची किंमत फॉस्फेटच्या रूपाने मोजावी लागते. वाढपट्टीतील फुगलेल्या पेशींना योग्य वेळी मरण्यासाठी फॉस्फेटचा इशारा आवश्यक असतो. तो न मिळाल्याने त्या पेशी मरत नाहीत, वरून नव्या पेशी येतच राहतात, आणि पेशींची चळत उंच होत जाते. आहारात कॅल्शियम फारच कमी असेल किंवा आनुवंशिक दोषामुळे मूत्रपिंडांतून फॉस्फेट वाहून जात असेल, तरीही शेवटी वाढपट्टीत हीच गोष्ट घडते, आणि म्हणून मुडदुसाची कारणे अनेक असली तरी चित्र बरेचसे एकसारखे दिसते.

या प्रक्रियेतून क्ष-किरण चित्रातील लक्षणे कोणत्या क्रमाने येतील हे आधीच सांगता येते. क्षार जमत नाहीत म्हणून पांढरी रेषा पुसट होते. पेशींची चळत उंच होते म्हणून गडद फट रुंदावते, म्हणजे अस्थिशीर्षातील हाडाचे केंद्र आणि दांड्याचे टोक यांच्यातील अंतर वाढते. येथवरची अवस्था सौम्य असते आणि घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटते.

त्यानंतरचे लक्षण म्हणजे इंग्रजीत ज्याला फ्रेइंग म्हणतात ते, अर्थात कडेच्या दशा सुटणे. लुगड्याचा काठ उसवला की त्याची सरळ रेघ जाऊन तेथे सुटे दोरे लोंबू लागतात, तसेच दांड्याच्या टोकाची किनार जाऊन तेथे दांड्याला समांतर असे बारीक, पुसट, कमी-अधिक लांबीचे तंतू दिसू लागतात. याचे कारण असे की क्षार सर्वत्र सारखे नाहीसे होत नाहीत. काही रांगांभोवती ते थोडेफार जमतात, काहींभोवती मुळीच जमत नाहीत, रक्तवाहिन्या जेथे वाट मिळेल तेथे वेड्यावाकड्या शिरतात, आणि जे नवे हाड रचले जाते त्यातही क्षार पुरेसे भरत नाहीत. परिणामी कॅल्शियमयुक्त आणि कॅल्शियमहीन भाग एकमेकांत दातेरीपणे मिसळतात आणि सीमा म्हणून दाखवता येईल अशी एकच रेषा उरत नाही.

तिसरे लक्षण कपिंग, म्हणजे टोकाला वाटीसारखी खोलगट बाक येणे. न मेलेल्या पेशींचा ढीग दांड्याच्या मध्यभागी आत शिरतो, स्नायूंची ओढ आणि हातांवर पडणारा भार त्या मऊ भागाला दाबतो, तर दांड्याच्या परिघावरील हाडाचे पातळ कडे तुलनेने पुढे राहते. त्यामुळे जे टोक जवळजवळ सपाट असायला हवे ते आत दबते आणि त्याच्या कडा बाहेर फाकतात. रांगणारे मूल हातांवर भार देते, आणि कडांचे हे फाकणे बाहेरून बोटांना जाणवते. मनगटाच्या जागी जी रुंद, कठीण गाठ लागते ती सूज नसून हाडाचे फाकलेले टोकच असते.

अल्नाची साक्ष आणि तिचे धोके

मुडदूस हा वाढणाऱ्या हाडाचा विकार आहे, म्हणून ज्या टोकाची वाढ सर्वांत वेगवान ते टोक सर्वांत आधी बोलते. अल्नाच्या लांबीची बहुतांश वाढ तिच्या मनगटाकडच्या टोकातून होते, त्यामुळे तान्ह्या आणि लहान बालकांत अल्नाचे खालचे टोक हे विकाराची पहिली चिन्हे शोधण्याचे उत्तम ठिकाण ठरते. चालू लागलेल्या मोठ्या मुलांत गुडघ्याभोवतीची टोके अधिक उपयोगी पडतात, कारण तेथे वाढही वेगाने होते आणि शरीराचा भारही असतो. विकार संपूर्ण शरीराचा असल्याने दोन्ही मनगटांत तो सारखाच दिसतो, म्हणून सामान्यतः एका मनगटाचे चित्र पुरते. केवळ एकाच बाजूला बदल दिसत असतील, तर दुखापत किंवा संसर्ग यांचा विचार आधी करावा लागतो.

मात्र अल्नाच साक्षीदार म्हणून थोडी अवघडही आहे. तिच्या अस्थिशीर्षात हाडाचे केंद्र साधारणपणे पाचव्या ते सहाव्या वर्षापर्यंत दिसत नाही, तर रेडियसमधले केंद्र सुमारे एक वर्षाच्या आसपास दिसू लागते. केंद्रच नसेल तर फट कोठून कोठपर्यंत मोजायची हा प्रश्न उरतो, आणि म्हणून लहान बालकाच्या अल्नात रुंदी मोजण्याऐवजी दांड्याच्या टोकाची किनार पाहावी लागते. दुसरी अडचण अशी की पूर्णपणे निरोगी बालकांतही अल्नाचे टोक किंचित खोलगट असू शकते. या दोन खोलगटपणांतील फरक किनारीवरून ठरतो. टोक खोलगट आहे पण त्याची किनार पांढरी, सलग आणि धारदार आहे, असे असेल तर ती बहुधा निसर्गाचीच ठेवण असते. टोक खोलगट आहे आणि किनार पुसट व दशा सुटलेली आहे, तर तो मुडदूस. वाटी दिसली म्हणून निदान करण्याची घाई आणि वाटी नाही म्हणून निश्चिंत होण्याची चूक, दोन्ही टाळण्याचा उपाय हाच की आधी रेषा शोधावी आणि मग आकार पाहावा.

चित्र काढण्याच्या पद्धतीनेही फसगत होते. मूल रडत असते, हात सपाट ठेवला जात नाही, मनगट तिरके झाले की टोकाच्या पुढच्या आणि मागच्या कडा एकमेकींवर न पडता शेजारी उमटतात आणि धारदार किनारही दुहेरी किंवा पुसट भासते. चित्र घेताना हात हलला तर हाच भास होतो, पण अशा वेळी हाताच्या पंजातील हाडांच्या कडाही तितक्याच पुसट दिसतात, ही त्याची खूण. मुडदुसात मात्र पंजाच्या हाडांच्या मधल्या भागांच्या कडा स्पष्ट असूनही दांड्यांची टोके तेवढी विरलेली दिसतात.

एका चित्राचे वाचन

हे सारे एका उदाहरणावर लावून पाहता येईल. अठरा महिन्यांचे एक बालक आहे असे मानावे. ते अद्याप आधाराशिवाय चालत नाही, त्याची मनगटे रुंद वाटतात, ते बराच काळ प्रामुख्याने आईच्या दुधावर वाढले, ड जीवनसत्त्वाचे थेंब त्याला दिले गेले नाहीत आणि उन्हात त्याला फारसे नेले गेले नाही. त्याच्या डाव्या मनगटाचे, पंजा सपाट ठेवून काढलेले चित्र समोर आहे.

वाचनाची सुरुवात वयापासून होते. या वयात मनगटाच्या लहान हाडांपैकी कॅपिटेट आणि हॅमेट ही दोन तसेच रेडियसच्या अस्थिशीर्षातील केंद्र दिसणे अपेक्षित असते, आणि ती येथे दिसतात, मात्र त्यांच्या कडा फिकट आहेत. अल्नाचे केंद्र दिसत नाही, पण या वयात ते नसणे स्वाभाविक असल्याने त्याचा कोणताही अर्थ काढायचा नाही. पुढे नजर अल्नाच्या टोकाकडे जाते. तेथे पांढरी रेषा नाही, टोक आत दबलेले आहे, कडा दोन्ही बाजूंना फाकलेल्या आहेत आणि वाटीच्या तळाशी दांड्याला समांतर तंतू सुटलेले दिसतात. मग रेडियस. त्याचे केंद्र आणि दांडा यांच्यातील फट रुंद आहे, दांड्याची किनार खडबडीत व पुसट आहे, पण टोक अजून खोलगट झालेले नाही. शेवटी दांड्याच्या मधल्या भागाकडे पाहिले तर हाडाची बाहेरची भिंत पातळ आणि एकंदर पोत विरळ वाटतो.

या निरीक्षणाला आकड्यात मांडण्याची एक सोपी रीत आहे. टॉम थॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायजेरियातील मुडदूस झालेल्या बालकांच्या अभ्यासातून 2000 साली दहा गुणांची मोजपट्टी मांडली, तिच्यात मनगटाला चार आणि गुडघ्याला सहा गुण आहेत. मनगटात रेडियस आणि अल्ना यांना प्रत्येकी जास्तीत जास्त दोन गुण मिळतात. पट्टी रुंद झाली आणि किनार अनियमित झाली पण वाटी झालेली नाही, तर एक गुण, आणि वाटीचा आकार व दशा सुटलेली किनार दोन्ही असतील तर दोन. या बालकाच्या अल्नाला दोन आणि रेडियसला एक असे चारपैकी तीन गुण येतात. आकडा निदानाहून अधिक उपयोगी पडतो तो पुढच्या तुलनेसाठी, कारण तीन महिन्यांनी दुसऱ्याच डॉक्टराने चित्र पाहिले तरी सुधारणा झाली की नाही हे दोघांना एकाच भाषेत बोलता येते.

चित्राने विकार दाखवला, पण कारण रक्ताच्या तपासणीतून कळते. या बालकात अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडाच्या उलाढालीसोबत वाढणारे विकर खूप वाढलेले, फॉस्फेट कमी, पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेले आणि ड जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी दर मिलिलिटरला 6 नॅनोग्रॅम आढळली, तर चित्र आणि रक्त एकमेकांना दुजोरा देतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सहमती-शिफारशींत 12 नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळीला कमतरता मानले आहे. याच्या उलट दिशेने मात्र अनुमान काढता येत नाही. पातळी कमी असलेल्या अनेक बालकांची चित्रे निर्दोष असतात, म्हणून स्वच्छ चित्र म्हणजे पुरेसे ड जीवनसत्त्व असा अर्थ होत नाही. अतिशय कुपोषित बालकाबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. वाढच थांबली असेल तर पेशींची चळत उंच होत नाही आणि मुडदूस झाकला जातो, आणि अन्न मिळून वाढ पुन्हा सुरू झाली की तो उघड होतो.

मुडदुसासारखे दिसणारे विकार

काही विकार हेच रूप घेऊन येतात, आणि त्यांना वेगळे काढण्यात अल्कलाइन फॉस्फटेजची मोठी मदत होते. हायपोफॉस्फटेशिया या आनुवंशिक विकारात हेच विकर पुरेसे नसते, म्हणून त्याची पातळी वाढण्याऐवजी कमी असते, आणि चित्रात वाढपट्टीतून दांड्यात जिभेच्या आकाराचे गडद भाग शिरलेले दिसू शकतात. श्मिड प्रकारच्या मेटाफिसिअल कॉन्ड्रोडिस्प्लेशियात टोके रुंद आणि खोलगट असतात, पण रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट आणि हे विकर तिन्ही साधारण असतात, कारण दोष क्षारांत नसून कूर्चेच्या घडणीत आहे. क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा स्कर्व्ही मात्र जणू मुडदुसाचे उलटे चित्र काढतो. तेथे कॅल्सीभवन चालू राहते पण त्यावर हाड रचले जात नाही, म्हणून पांढरी रेषा पुसली जाण्याऐवजी अधिकच जाड आणि ठळक होते.

रेषेचे परतणे

वरच्या उदाहरणातील बालकाला त्याच शिफारशींनुसार दररोज 3000 ते 6000 आंतरराष्ट्रीय एकके ड जीवनसत्त्व किमान तीन महिने आणि आहारातून किंवा औषधातून दररोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम असा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो. सुमारे तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा चित्र काढले असता एक लक्षणीय दृश्य दिसते. जुन्या, दशा सुटलेल्या टोकापासून थोड्या अंतरावर, अस्थिशीर्षाच्या बाजूला, एक नवी पांढरी रेषा अधांतरी तरंगताना दिसते आणि ती व दांडा यांच्यामध्ये अजून गडद पट्टा असतो. याचा अर्थ असा की क्षार मिळू लागताच ते आधी जमले ते वाढपट्टीच्या योग्य थरात, म्हणजे तात्पुरत्या कॅल्सीभवनाच्या पट्ट्यात. मधला गडद पट्टा म्हणजे आजारपणात साठलेला क्षारहीन ऐवज, आणि तो पुढील आठवड्यांत हळूहळू भरत जाऊन रेषा दांड्याशी जोडली जाते. पायांचा बाक सरळ व्हायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात, पण औषध लागू पडले हे ही रेषा काही आठवड्यांत सांगते.

या रेषेच्या परतण्यावरच मुडदुसाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे अनुमान उभे राहिले. 1919 साली बर्लिनमधील बालरोगतज्ज्ञ कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या चार मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या क्वार्ट्झ दिव्यातून अतिनील किरण सोडले आणि हाडे भरून येत असल्याचे क्ष-किरण चित्रांत टिपले. त्यांनी पुढे हेही दाखवले की फक्त एका हातावर किरण टाकले तरी दुसऱ्या हाताचीही हाडे भरून येतात, आणि त्यावरून त्वचेत तयार होणारे काही द्रव्य रक्तावाटे सर्व शरीरात पोचत असले पाहिजे हे स्पष्ट झाले. 1922 साली अमेरिकेत मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी याच रेषेचे मोजमाप केले. मुडदूस झालेल्या उंदरांच्या हाडांत नवी कॅल्सीभवनाची रेषा किती उमटते यावरून ते कॉड माशाच्या तेलासारख्या पदार्थांतील जीवनसत्त्वाचा जोर ठरवीत. त्याच वर्षी हचिसन आणि शहा यांनी नाशिक येथील मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पडदा पाळणाऱ्या सधन घरांत उन्हापासून दूर राहिलेल्यांना हा विकार होतो हे नोंदवले. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशातही मुडदूस का आढळतो या प्रश्नाचे उत्तर त्यात होते.

रेषा परतली नाही तर तीही माहितीच असते. तीन महिने औषध दिल्यावरही किनार तशीच विसकटलेली राहिली, तर आधी औषध खरोखर पोटात जाते का आणि कॅल्शियम पुरेसे मिळते का हे तपासावे लागते. ते ठीक असेल तर मूत्रपिंडांतून फॉस्फेट वाहून जाणारा आनुवंशिक विकार, मूत्रपिंडांचा जुना आजार किंवा शोषणातील दोष यांचा शोध घेणे भाग पडते. अशा बालकाला ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस पुन्हा पुन्हा देत राहिल्याने रेषा तर उमटत नाहीच, उलट रक्तात आणि लघवीत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. म्हणूनच पहिल्या चित्राइतकेच दुसरे चित्र महत्त्वाचे असते: पहिले मुडदूस आहे हे सांगते, आणि दुसरे तो ड जीवनसत्त्वाच्या अभावाचा होता की अन्य कारणाचा, याचा पुरावा देते.